अग्निसुरक्षा सराव : सकाळच्या परिपाठात वाचून दाखवायचे निवेदन
(दिनांक १६ जुलै. प्रार्थनेनंतर, हजेरीपूर्वी. वाचन : अग्निसुरक्षा वॉर्डन)

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, सर्व शिक्षक, कार्यालयातील सहकारी, स्वयंपाकघरातील मावशी, शिपाई मामा आणि विद्यार्थी मित्रांनो,

आज दुसऱ्या आणि चौथ्या तासाच्या दरम्यान आपण आग लागल्यास इमारत रिकामी करण्याचा सराव करणार आहोत. नेमकी वेळ मी मुद्दाम सांगत नाही. पुढची काही मिनिटे सर्वांनी शांतपणे उभे राहून ऐकावे; पाचवीच्या लहान मुलांनी खाली बसले तरी चालेल.

आजची तारीख निवडण्यास कारण आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरातून आग पसरली, शाकारलेले छप्पर पेटले आणि ९४ मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांमधील अग्निसुरक्षेबाबत देशभरासाठी निर्देश दिले. आपल्या इमारतीला सिमेंटचा स्लॅब आहे, परंतु आपल्याकडेही रोज खिचडी शिजते, प्रयोगशाळेत गॅस आहे आणि पावसाळ्यात ओल आली की जुन्या वायरिंगचा भरवसा धरता येत नाही.

आता इशाऱ्याविषयी. तास संपल्याची घंटा थांबत थांबत वाजते, आगीची घंटा मात्र न थांबता वाजत राहील. खरी आग लागली तर वीजपुरवठा सर्वांत आधी बंद करावा लागतो आणि विजेची घंटा मुकी होते. म्हणून कार्यालयाबाहेरची पितळी घंटा शिपाई मामा हाताने वाजवतील आणि प्रत्येक मजल्यावर शिट्टी फुंकली जाईल. ती ऐकू येताच फळ्यावरचे वाक्य अर्धे राहिले तरी राहू द्यावे.

घंटा झाली की सर्वांनी उभे राहावे, बाक आत सरकवावा आणि दोन रांगांत दाराकडे निघावे. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, छत्री, रेनकोट यांपैकी काहीही घ्यायचे नाही. पाऊस असला तर आपण भिजू, एवढेच. डिसेंबरातल्या सरावात इमारत रिकामी व्हायला ६ मिनिटे ५० सेकंद लागली होती, त्यातला बराचसा वेळ जिन्याच्या वळणावर गेला, कारण सहावीतील काही मुले डबे आणायला उलटी फिरली आणि वरून येणारी सातवी त्यांच्यावर येऊन थांबली.

पूर्वेकडील जिन्याने पाचवी ते सातवीचे वर्ग उतरतील, मागच्या जिन्याने आठवी ते दहावीचे. भिंतीकडची बाजू धरून चालावे. मोठी मुले लहानांना ओलांडून पुढे जाणार नाहीत. जुलैत पायऱ्या ओल्या असतात, त्यामुळे धावणारा एक घसरला की मागचे चाळीस अडतात. बोलायचेही नाही, कारण सूचना ऐकू येणे आवश्यक असते. वर्गातून शेवटी बाहेर पडणाऱ्या शिक्षकांनी पंखे व दिवे बंद करून दार ओढून घ्यावे, मात्र कडी किंवा कुलूप लावू नये. मिटलेले दार धूर काही काळ अडवते, पण कडी लावली तर आत कोणी राहिल्यास त्याला बाहेर येता येत नाही.

धुराबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण आगीत बहुतेकांचा जीव ज्वाळांपेक्षा धुराने जातो. गरम धूर वर चढतो आणि छताखाली साठतो. खाली जमिनीजवळची हवा त्या मानाने स्वच्छ राहते. म्हणून धूर दिसला तर नाकातोंडावर रुमाल धरून वाकून, गरज पडल्यास रांगत जावे. बंद दार उघडण्यापूर्वी हाताची मागची बाजू त्याला लावून पाहावी, आणि दार गरम लागले तर ते उघडू नये. जिना धुराने भरला असेल तर वर्गात परत यावे, दार लावून फटीत ओढणी किंवा सतरंजी कोंबावी आणि खिडकीतून रंगीत कापड हलवून हाका माराव्यात. कोणत्याही परिस्थितीत वरून उडी मारू नये. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये, कारण पळाल्याने आग भडकते. जागेवर थांबून, जमिनीवर पडून, तोंड हातांनी झाकून लोळावे.

आठवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या पायाला सध्या प्लास्टर आहे. त्याला खाली आणण्याची जबाबदारी क्रीडाशिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक यांच्यावर आहे. मित्रांनी प्रेमापोटी त्याला पाठुंगळी घेण्याचा प्रयत्न करू नये.

जमण्याची जागा कबड्डीच्या मैदानापलीकडे, चिंचेच्या झाडाजवळ आहे. तिथे चुन्याने वर्गवार रेषा आखल्या आहेत. वर्गशिक्षक हजेरीपत्रक सोबत आणतील. या एका वस्तूला सूट आहे. मागच्या वेळी एका वर्गाने ‘सर्व हजर’ असे कळवले, आणि नंतर त्याच वर्गातला एक मुलगा मागच्या नळावर शांतपणे डबा धुताना सापडला. घंटा वाजली तेव्हा तो तिथेच होता आणि कोणी नाव न घेता नुसती डोकी मोजली होती, त्यातही शेजारच्या रांगेतले एक डोके इकडे धरले गेले. आज प्रत्येक नाव मोठ्याने घेतले जाईल आणि प्रत्येकाने स्वतःच ‘हजर’ म्हणायचे आहे; मित्राच्या वतीने कोणीही ‘हजर’ म्हणणार नाही. स्वच्छतागृहात, ग्रंथालयात किंवा नळावर असलेल्यांनी वर्गाकडे न जाता जवळच्या जिन्याने थेट मैदानावर यावे आणि आपल्या रेषेत उभे राहावे. एखादे नाव कमी पडले तर वर्गशिक्षकांनी लगेच माझ्याकडे यावे, शोधायला स्वतः आत जाऊ नये.

कर्मचाऱ्यांसाठी काही सूचना. स्वयंपाकघरातील मावशींनी शेगडी आणि रेग्युलेटर दोन्ही बंद करून मागच्या दाराने बाहेर पडावे, खिचडीची चिंता करू नये. प्रयोगशाळेतील गॅसचा मुख्य कॉक सहायकांनी बंद करावा. अग्निशामक सिलिंडर केवळ प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढांनी, आग लहान असताना आणि आपल्या पाठीमागे बाहेर पडण्याची वाट मोकळी असतानाच वापरावा : पिन ओढावी, नळी ज्वाळांच्या शेंड्यावर न धरता बुडाशी रोखावी, दांडी दाबावी आणि फवारा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. विजेच्या किंवा तेलाच्या आगीवर पाणी टाकू नये. खऱ्या प्रसंगी कार्यालयातून १०१ किंवा ११२ वर फोन होईल. शाळेचे नाव, पत्ता, जवळची खूण, काय जळते आहे आणि कोणी अडकले आहे का, एवढे सांगून समोरचा ठेवेपर्यंत फोन ठेवू नये. आज हा फोन करायचा नाही, अग्निशमन केंद्राला सरावाची लेखी कल्पना दिली आहे.

मुख्य फाटकाशी दुचाक्या लावणाऱ्या शिक्षकांना, ज्यांत मीही कालपर्यंत होतो, विनंती आहे की पहिल्या तासापूर्वी त्या सायकल स्टँडमागे न्याव्यात. अग्निशमनाचा बंब त्याच फाटकातून येतो.

लांब शिट्टी झाल्याशिवाय कोणीही इमारतीत परत जाणार नाही. आता पाचवीपासून रांगेने वर्गात जावे, आणि मॉनिटरांनी जाताना कार्यालयाबाहेर ठेवलेला जिन्यांचा नकाशा घेऊन तो दाराच्या आतल्या बाजूस लावावा.