उरलेला तुकडा टाकू नका: परीघ आणि व्यासाचा उपक्रम (इयत्ता सातवी)

मुलांनो, उद्या येताना घरून एक बांगडी, एक वाटी, जेवणाचं ताट आणि एक संत्रं आणा. सोबत शिवणाचा दोरा, कात्री, टाचणी, मोजपट्टी आणि कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या. सुतळी नको. ती जाड असते, त्यामुळे बांगडीसारख्या लहान वस्तूचा परीघ खऱ्यापेक्षा मोठा येतो.

पट्टी वाटीच्या काठाभोवती घट्ट गुंडाळा. टोकं एकमेकांवर येतील तिथे टाचणीने दोन्ही थरांना आरपार भोक पाडा. पट्टी उलगडली की दोन भोकांमधलं अंतर म्हणजे परीघ. तिथे कापा. ताटाला पट्टी पुरणार नाही, म्हणून दोरा वापरा, पण ताणू नका.

व्यास मोजताना मात्र चूक हमखास होते, कारण वाटीचा मध्य कुठे आहे हे आपल्याला दिसत नाही. दोऱ्याचं एक टोक काठावर दाबून धरा आणि दुसरं समोरच्या काठावर हळूहळू सरकवा. जिथे दोरा सगळ्यात लांब लागेल, तो व्यास. तेवढ्याच लांबीच्या तीन पट्ट्या कापा.

आता परिघाची पट्टी बाकावर पसरा आणि तिच्यावर व्यासाच्या पट्ट्या एकापुढे एक ठेवा. तीन बसतील आणि थोडी जागा उरेल. तेवढा उरलेला भाग कापून घ्या. तो जपून ठेवा, खरी गंमत त्यातच आहे! हा तुकडा व्यासाच्या पट्टीवर किती वेळा बसतो? साधारण सात वेळा. म्हणजे परीघ व्यासाच्या तिप्पट आणि वर सुमारे एक सप्तमांश. पुस्तकातला 22/7 तुम्ही स्वतःच्या कात्रीने काढलात.

मी घरी मोजलं ते असं: बांगडी 6.2 आणि 19.6 सेंमी, वाटी 9.1 आणि 28.5, ताट 28 आणि 88.1. भागाकार 3.16, 3.13, 3.15. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील. ते खोडून माझ्यासारखे करू नका, जसे आले तसेच लिहा.

संत्र्याला पट्टी आडवी, मधोमध गुंडाळा. देठावरून उभी फिरवली तर वर्तुळ मिळत नाही, कारण आपलं नागपुरी संत्रं वर-खाली चपटं असतं. व्यासासाठी ते दोन जाड पुस्तकांमध्ये धरा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा.

तुकडा बरोब्बर सातदा बसतो का, हे बारकाईने पाहा. किंचित फट राहते, पण आपल्या कात्रीला ती सापडणं कठीण. आर्यभटाने इ.स. 499 मध्ये 20,000 व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 62,832 दिला आणि त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, म्हटलं. भागाकार करा: 3.1416. तो एक शब्द मला फार मोलाचा वाटतो.

घरचा अभ्यास: सायकलचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणा, जमिनीवर खडूने खूण करा आणि चाकाची एक पूर्ण फेरी होईपर्यंत सायकल सरळ ढकला. अंतर दोऱ्याने मोजा. चाकाला मोजपट्टी न लावता व्यास काढा, गुरुवारी शाळेच्या सायकल स्टँडवर पडताळू.