तीन मीटर लांब, पण फोनला पाचच वॅट: घरासाठी घेतलेल्या तीन यूएसबी-सी केबल

घरात चार्ज करायची उपकरणं चार: २५ वॅटपर्यंत घेणारे दोन फोन, एक टॅबलेट आणि ६५ वॅटचा लॅपटॉप. चार्जर दोन, ६५ वॅटचा सी पोर्टवाला आणि १८ वॅटचा जुना ए पोर्टवाला. त्यांच्यासाठी या तीन केबल घेतल्या:

१ मीटर, सी-टू-सी, ६० वॅट, २४९ रुपये.
२ मीटर, सी-टू-सी, २४० वॅट, ७४९ रुपये.
३ मीटर, ए-टू-सी, खोक्यावर '३ अँपिअर, फास्ट चार्जिंग', ३९९ रुपये.

चार्जरच्या टोकाला आणि उपकरणाच्या टोकाला यूएसबी मीटर लावून तिन्ही तपासल्या. दोन्हीकडच्या व्होल्टेजमधला फरक भागिले अँपिअर म्हणजे केबलचा जाण्यायेण्याचा एकूण रोध. केबल चांगली की वाईट हे या एका आकड्यात जितकं कळतं, तितकं खोक्यावरच्या मजकुरात कळत नाही.

तीन मीटरवाली आधी घेऊ, कारण फसगत तिथेच आहे. एका प्लगच्या टोकापासून दुसऱ्या प्लगच्या टोकापर्यंत मोजली तर ती २.८५ मीटर भरते. हा फरक सोडून देता येईल, रोध मात्र नाही: ०.५४ ओहम. ५ व्होल्टवर चार्जरच्या टोकाला ५.१ व्होल्ट होते, फोनपाशी ४.५. व्होल्टेज इतकं उतरलं की फोन स्वतःच ओढ कमी करतो, त्यामुळे करंट १.१ अँपिअरच्या पुढे गेलाच नाही. म्हणजे फोनला मिळाले जेमतेम ५ वॅट. याच रोधातून ३ अँपिअर न्यायचे तर १.६ व्होल्ट वाटेतच जातील आणि फोनपर्यंत साडेतीन पोचतील. खोक्यावरचे '३ अँपिअर' ५ व्होल्टवर मिळणं शक्यच नाही.

याच जुन्या चार्जरशी फोनने ९ व्होल्टचं बोलणं जमवलं, तेव्हा चित्र सुधारलं. १.६ अँपिअरला फोनपाशी ८.१ व्होल्ट, म्हणजे १३ वॅट. व्होल्टेज जास्त असेल तर तेवढ्याच वॅटना करंट कमी लागतो आणि तारेत वाया जाणारे वॅट करंटच्या वर्गाने कमी होतात. तरीही भरवसा धरू नये. सगळे फोन ए पोर्टवर ९ व्होल्ट मागत नाहीत, आणि पीडी हे सर्वत्र चालणारं जलद चार्जिंग ए-टू-सी केबलमधून होतच नाही, त्याला दोन्ही टोकांना सी लागतं. ए-टू-सी केबलवर '६६ वॅट', '१२० वॅट' असे आकडे दिसले तर ते त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे समजावेत. तोच चार्जर, तोच फोन असेल तरच ते लागू.

एक मीटरवाली साधी आहे आणि तिच्याबद्दल तक्रार नाही. रोध ०.१३ ओहम. ३ अँपिअरला ०.४ व्होल्टही उतरत नाहीत. दोन्ही फोन आणि टॅबलेट पूर्ण वेगाने चार्ज होतात. लॅपटॉपवर मात्र तिची हद्द दिसते. ६५ वॅटचा चार्जर २० व्होल्टवर ३.२५ अँपिअर द्यायला तयार असतो, पण ३ च्या वर जाण्याआधी केबलमध्ये तिची क्षमता सांगणारी ई-मार्कर चिप आहे का ते विचारतो. या केबलमध्ये चिप नाही, म्हणून तो ३ अँपिअरवर थांबतो आणि लॅपटॉपला ६० वॅटच्या आत मिळतं. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ते पुरतं. जड काम चालू असताना काही लॅपटॉप 'चार्जर कमी ताकदीचा' असा इशारा देतात. अशा वेळी चार्जर बदलायला धावू नये, आधी केबल बदलून पाहावी.

दोन मीटरवालीत ती चिप आहे. मीटरवर ५ अँपिअर, ५० व्होल्ट अशी तिची ओळख वाचता आली, म्हणजे २४० वॅटचा दावा चिपपुरता खरा आहे. तारही त्याला साजेशी जाड: लांबी दुप्पट असूनही रोध ०.१४ ओहम, एक मीटरवालीच्या जवळपास. लॅपटॉपने पूर्ण ६५ वॅट ओढले तेव्हा केबलमध्ये दीड वॅट गेले आणि प्लग कोमटसुद्धा झाला नाही. सध्या २४० वॅट घेणारं काहीही घरात नाही, मग हे पैसे जास्तीचे का? नाहीत. त्यातले बरेचसे तांब्याचे आहेत, आणि दोन मीटरवर लॅपटॉप चालवायचा तर तांबं लागतंच. एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा: महाग आहे म्हणून ती डेटाला वेगवान नाही. आत यूएसबी २.० च्याच तारा आहेत, ४८० मेगाबिटच्या. मॉनिटरला चित्र तिच्यातून जाणार नाही.

आता बांधणी. केबल बहुधा मधे तुटत नाही. ती जाते प्लगच्या मानेपाशी, जिथे रोज वाकते. एक मीटरवालीची मान मऊ रबराची, खाचा पाडलेली, सुमारे १२ मिलिमीटर लांब. वाकवली की वळण सगळ्या मानेत वाटलं जातं. दोन मीटरवालीवर नायलॉनची घट्ट वीण आहे, मान आणखी लांब, पण केबल ५.२ मिलिमीटर जाड आणि ताठ. टेबलाच्या कडेवरून सोडली तर हलका फोन मागे खेचते. फोनसाठी ती नकोच. तीन मीटरवालीवर वीण आहे, पण सैल. नखाने सरकवली तर खालची पातळ तार दिसते. मान कडक प्लॅस्टिकची आणि आखूड आहे, त्यामुळे सगळं वळण एकाच बिंदूवर येतं. काही महिन्यांत आतली तार तिथेच तुटेल आणि केबल एका कोनात धरली तरच चार्जिंग होईल. तिच्या सी प्लगच्या धातूच्या कवचावर लांब जोडरेषाही आहे, बाकी दोघींचं कवच अखंड आहे. जोडाचं कवच पिळलं की उघडतं.

किंमत प्रतिमीटर काढली तर २४९, ३७५ आणि, तिसरीची मोजलेली लांबी धरून, १४० रुपये येतात, आणि तिसरी स्वस्त वाटते. हा हिशोब केबलला लावूच नये. लांबी वाढली की तार जाड करावी लागते, म्हणून चांगल्या लांब केबलचा मीटरमागचा भाव चढायला हवा. तो उतरत असेल तर तांब्यात हात आखडलेला असतो.

घरात वाटणी अशी: एक मीटरवाली फोन आणि टॅबलेटला, अशीच आणखी एक घ्यावी. दोन मीटरवाली लॅपटॉपच्या चार्जरला कायमची. तीन मीटरवाली मुदतीच्या आत परत करावी. पलंगापर्यंत पोचायचं असेल तर चांगल्या एक्स्टेंशन बोर्डाने चार्जरच जवळ आणावा आणि तिथे छोटी केबल लावावी. मुख्य विजेच्या उंच व्होल्टेजवर करंट अगदी थोडा असतो, त्यामुळे ते तीन मीटर तिथे जाणवत नाहीत.

नवी केबल लावल्यावर दहा मिनिटांनी दोन्ही प्लगना हात लावून पाहावा. केबल कोमट असली तर चालेल. एकच प्लग चटका देत असेल तर लगेच काढावी: पोर्टात कचरा अडकून पिना नीट टेकत नसतील, किंवा प्लगमधला जोडच कच्चा असेल. उपकरण बंद करून लाकडी टूथपिकने पोर्टातला कचरा हलक्या हाताने काढावा, सुई वापरू नये. पुन्हा तोच प्लग तापला किंवा पिना काळ्या दिसल्या, तर ती केबल दुसऱ्या कुठल्याही उपकरणाला लावू नये.