भूकंप: लहरी आणि अपिकेंद्र (सराव प्रश्नसंच)

आलेख कागद, कंपास, धारदार पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. प्रश्न १ ते ४ तोंडी सोडवले तरी चालतील. प्रश्न ५ ला घाई करू नका, पुढचे बहुतेक प्रश्न त्याच आकृतीवर आहेत. उत्तरं शेवटी दिली आहेत. आधी आकृती पुरी करा, मग ती बघा.

लहरींविषयी

प्र. १. पी लहर जाताना खडकाचे कण लहरीच्या दिशेनेच पुढे-मागे हलतात, एस लहरीत ते दिशेला आडवे हलतात. यावरून सांगा: द्रवातून यांपैकी कोणती लहर जाईल, कोणती जाणार नाही, आणि का? नुसतं नाव लिहिलं तर अर्धेच गुण.

प्र. २. भूकंपालेखावर आधी बारीक थरथर दिसते, मग जरा मोठी, आणि सर्वांत शेवटी मोठ्या, संथ लाटा. या तिघींची नावं क्रमाने लिहा. उथळ भूकंपात इमारतींचं नुकसान बहुधा कोणामुळे जास्त होतं?

प्र. ३. मोठ्या भूकंपाच्या अपिकेंद्रापासून सुमारे १०४ अंशांपलीकडच्या नोंदकेंद्रांवर थेट एस लहरी पोहोचत नाहीत. थेट पी लहरीही साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात मिळत नाहीत, पण त्यापलीकडे पुन्हा मिळतात. एस लहरी कायमच्या गायब आणि पी लहरी मात्र परत येतात, हा फरक पृथ्वीच्या पोटात काय असल्याचं सांगतो?

प्र. ४. खालील शोध योग्य व्यक्तीशी जोडा.
शोध: कवच आणि प्रावरण यांची सीमा (१९०९), पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा भूकंपलहरींवरून पुरावा (१९०६), घन आंतरगाभा (१९३६).
व्यक्ती: इंगे लेमन, रिचर्ड ओल्डहॅम, आंद्रिया मोहोरोविचिच.

अपिकेंद्र शोधा

क, ख, ग या तीन नोंदकेंद्रांवर एकाच भूकंपाच्या वेळा अशा आल्या आहेत:

क: पी १४:०७:४७, एस १४:०८:१२
ख: पी १४:०७:४०, एस १४:०८:००
ग: पी १४:०७:२६, एस १४:०७:३६

पी लहरीचा वेग सेकंदाला ६ किमी आणि एस लहरीचा ३.५ किमी धरा. भूकंप अगदी उथळ आहे असं तूर्त माना. नकाशाचं प्रमाण १ सेमी = २१ किमी. प्रमाण विचित्र वाटेल, पण त्यामुळे त्रिज्या पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात. आलेख कागदावर केंद्रांच्या जागा सेंटिमीटरमध्ये: क (०, ०), ख (६, ०), ग (१०, ८).

प्र. ५. (अ) एस आणि पी यांच्यातल्या प्रत्येक सेकंदाच्या अंतरामागे भूकंप किती किलोमीटर दूर असतो? सूत्र स्वतः मांडा, पाठ केलेलं लिहू नका.
(आ) तिन्ही केंद्रांपासूनचं अंतर काढा.
(इ) वर्तुळं काढून अपिकेंद्राचे निर्देशक सांगा. पूर्ण वर्तुळ कागदावर मावलं नाही तर कंस पुरे.
(ई) भूकंप नेमका किती वाजता झाला? तिन्ही केंद्रांवरून काढा. उत्तर एकच आलं नाही तर आधीची बेरीज-वजाबाकी तपासा.

प्र. ६. फक्त क आणि ख ची वर्तुळं किती ठिकाणी छेदतात? दुसऱ्या छेदनबिंदूवर भूकंप झाला असता तर ग केंद्रावर एस आणि पी यांच्यात अंदाजे किती सेकंद पडले असते?

प्र. ७. समजा ग केंद्र बंद होतं आणि त्याऐवजी (१२, ०) येथील घ केंद्राची नोंद मिळाली: एस आणि पी यांच्यात २५ सेकंद. केंद्रं तीनच आहेत, तरी अपिकेंद्र ठरेल का? (या प्रश्नावर वर्गात वाद होतो. होऊ द्या, पण आकृती काढून मगच.)

प्र. ८. ख केंद्राचं घड्याळ ४ सेकंद पुढे होतं असं नंतर कळलं. ख पासूनचं अंतर बदलेल का? भूकंपाची वेळ बदलेल का?

प्र. ९. दुसऱ्या एका भूकंपात तिन्ही वर्तुळं एका बिंदूत न मिळता एकमेकांवर चढली आणि मध्ये छोटा वक्र त्रिकोण उरला. मोजमाप अचूक आहे. मग कारण काय? याच भूकंपात एका केंद्रावर एस आणि पी यांच्यात ६ सेकंद होते आणि अपिकेंद्र तिथून नकाशावर ४० किमी होतं. नाभीची खोली काढा.

प्र. १०. एका दूरच्या केंद्रावर एस आणि पी यांच्यात १० मिनिटं पडली. एकाने ५ (अ) मधला आकडा वापरून ५०४० किमी असं उत्तर लिहिलं. खरं अंतर ८००० किमीहून जास्त आहे. गणित बरोबर असूनही उत्तर का चुकलं?

उत्तरं

१. पी लहर जाते, कारण द्रव दाबला गेला तर उलट ढकलतो. एस जात नाही: द्रवाला आडवं सरकवलं तर तो पूर्वस्थितीला येण्यासाठी जोर लावत नाही.

२. पी, एस, भूपृष्ठ लहरी. नुकसान बहुधा भूपृष्ठ लहरींमुळे.

३. बाह्यगाभा द्रवरूप आहे. एस तिथेच थांबतात. पी आत शिरतात, पण तिथे त्यांचा वेग घटून त्या वळतात, म्हणून एक पट्टा वगळून पुढे बाहेर पडतात.

४. मोहोरोविचिच, ओल्डहॅम, लेमन, याच क्रमाने.

५. (अ) अंतर d असेल तर वेळेतला फरक d/३.५ − d/६, म्हणून सेकंदाला ८.४ किमी. (आ) फरक २५, २०, १० सेकंद. अंतरं २१०, १६८, ८४ किमी. त्रिज्या १०, ८, ४ सेमी. (इ) (६, ८). (ई) पी लहरींना ३५, २८, १४ सेकंद लागले; वेळ १४:०७:१२.

६. दोन ठिकाणी: (६, ८) आणि (६, −८). दुसरा बिंदू ग पासून सुमारे १६.५ सेमी, म्हणजे ३४६ किमी. फरक सुमारे ४१ सेकंद.

७. नाही. क, ख, घ एका रेषेत आहेत. तिन्ही वर्तुळं (६, ८) आणि (६, −८) या दोन्ही बिंदूंतून जातात. अशी कितीही केंद्रं वाढवली तरी ती त्याच रेषेवर असतील तोवर कोडं सुटणार नाही.

८. अंतर बदलणार नाही, कारण पी आणि एस दोन्हींच्या वेळा सारख्याच पुढे आहेत आणि वजाबाकीत ती चूक जाते. फक्त ख वरून काढलेली भूकंपाची वेळ ४ सेकंदांनी बदलेल.

९. भूकंप खोल होता. एस आणि पी यांच्यातला फरक नाभीपासूनचं तिरकं अंतर देतो, ते नकाशावरच्या अंतराहून मोठं असतं, म्हणून वर्तुळं मोठी पडली. तिरकं अंतर ६ × ८.४ = ५०.४ किमी, खोली √(५०.४² − ४०²), सुमारे ३१ किमी.

१०. ८.४ हा आकडा फक्त कवचातल्या वेगांवरून आला आहे. इतक्या दूर जाणाऱ्या लहरी प्रावरणात खोल उतरतात, तिथे वेग खूप जास्त असतो आणि मार्ग वाकतो. त्यामुळे तेवढ्याच फरकात त्या जास्त अंतर कापतात. अशा वेळी प्रवासकाळाचा आलेख वापरावा लागतो, आणि वर्तुळं सपाट कागदावर न काढता पृथ्वीगोलावर काढावी लागतात.