आकृती २ चा मजकूर: बोटाच्या रक्ताचं मशीन वि. लॅबचा अ‍ॅनालायझर

सर, मॅडम, पेपरमधल्या आकृती २ चा मजकूर खाली टाकून राहिलो आहे. भाषा सध्या आपली बोलण्यातलीच आहे, आकडे तुम्ही पाहून घेतले की इंग्रजी करू. हिमोग्लोबिनचे सगळे आकडे ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, दरवेळी लिहीत बसलो नाही.

रिझल्ट

एकूण ११२ पेशंट, प्रत्येकाची एकच जोडी. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर स्ट्रिपवालं छोटं मशीन, आणि दहा मिनिटांच्या आत शिरेतून घेतलेलं रक्त लॅबच्या अ‍ॅनालायझरवर. लॅबमधल्या टेक्निशियनला स्ट्रिपचा आकडा माहीत नव्हता. पेशंट बहुतेक सिकलसेल ओपीडीचे, म्हणजे नागपूरसोबत गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरकडून येणारे, त्यामुळे कमी हिमोग्लोबिनवाले भरपूर मिळाले आणि या अभ्यासाला तेच पाहिजे होतं. दोन्ही पद्धतींची सरासरी ४.९ पासून १५.२ पर्यंत पसरलेली आहे (मधला आकडा ९.६, एसडी २.३).

आकृती २ मध्ये आडव्या अक्षावर दोन्ही पद्धतींची सरासरी आणि उभ्या अक्षावर फरक, स्ट्रिप वजा अ‍ॅनालायझर. म्हणजे शून्याच्या वर असलेला ठिपका म्हणजे स्ट्रिपने जास्त दाखवलं. आडव्या अक्षावर फक्त अ‍ॅनालायझर टाकू असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलंय की नुसती स्टँडर्ड पद्धत अक्षावर घेतली तर संबंध नसतानाही कल दिसू शकतो, कारण तिची स्वतःची चूक फरकातही शिरलेली असते. म्हणून सरासरीच ठेवली.

सरासरी फरक, म्हणजे बायस, +०.३२ (९५% सीआय ०.२१ ते ०.४३). फरकांची एसडी ०.५८. त्यावरून बायस ± १.९६ × एसडी केलं की लिमिट्स ऑफ अ‍ॅग्रीमेंट येतात −०.८२ ते +१.४६. खालच्या लिमिटचा सीआय −१.०० ते −०.६३, वरच्याचा १.२७ ते १.६४. सहा ठिपके लिमिटच्या बाहेर पडले, पाच वर आणि एक खाली. ११२ मध्ये साधारण तेवढे पडतीलच, आणि एकही ठिपका काढून टाकलेला नाही. फरकांचा हिस्टोग्राम बऱ्यापैकी सारखा दोन्हीकडे उतरतो, तो सप्लिमेंटमध्ये टाकलाय.

आता मुख्य गोष्ट. पहिला पेशंट घ्यायच्या आधीच प्रोटोकॉलमध्ये आपण लिहून ठेवलं होतं की ±१.० च्या आत लिमिट्स बसल्या तरच मशीन अ‍ॅनालायझरच्या जागी चालेल. वरची लिमिट १.४६ आहे, तिच्या सीआयचं खालचं टोकसुद्धा १.२७, म्हणजे पेशंट वाढवले असते तर बसलं असतं असंही म्हणता येत नाही. खालची लिमिट बसते, पण एका बाजूने बसून काय करायचं. प्रत्यक्षात १५ पेशंटमध्ये (१३.४%) फरक १.० च्या पलीकडे गेला, त्यातले १४ जास्त दाखवणारे. ही ±१.० ची रेघ आकृतीत करड्या पट्ट्याने दाखवली आहे, म्हणजे वाचणाऱ्याला आपली अट आणि आपला निकाल एका नजरेत दिसतो.

बायस सगळीकडे सारखा नाही, हे नुसता प्लॉट पाहिला तरी लक्षात येतं. ठिपक्यांचा ढग डावीकडे वर आणि उजवीकडे खाली झुकलेला आहे. फरकाचं सरासरीवर रिग्रेशन केलं तर उतार −०.११ (९५% सीआय −०.१५ ते −०.०७), म्हणजे हिमोग्लोबिन एक ग्रॅमने कमी झालं की स्ट्रिपचा फरक ०.११ ने वरच्या दिशेला सरकतो. सरासरी ७ असेल तिथे अपेक्षित बायस +०.६१ आणि लिमिट्स −०.४१ ते +१.६३, सरासरी १२ असेल तिथे बायस जवळपास संपतो, +०.०६, लिमिट्स −०.९६ ते +१.०८. म्हणून आकृतीत दोन्ही प्रकारच्या रेषा आहेत, आडव्या तुटक आणि तिरप्या सलग. नुसत्या आडव्या रेषा ठेवल्या असत्या तर ०.३२ हा आकडा १२ वाल्याला उगाच मोठा आणि ७ वाल्याला फसवा छोटा वाटला असता, आणि रक्त चढवायचं की नाही हा प्रश्न ७ च्या आसपासच येतो ना.

ते किती महागात पडू शकतं ते बघा, अ‍ॅनालायझरवर ७ च्या खाली असलेले १८ पेशंट होते, त्यातल्या ६ जणांना स्ट्रिपने ७ किंवा वर दाखवलं. अठरा हा आकडा लहान आहे म्हणून टक्केवारी दिली नाही, पण पेपरमध्ये हे वाक्य राहिलंच पाहिजे, रिव्ह्यूअरने काढायला सांगितलं तरी मी भांडीन.

फरक येतो कुठून हे थोडं कळावं म्हणून ३० पेशंटमध्ये दोन्ही पद्धती दोनदा केल्या. स्ट्रिपची एकाच पेशंटमधली एसडी ०.२७, अ‍ॅनालायझरची ०.०८. रिपीटॅबिलिटी म्हणजे दोन रीडिंगमधला ९५% वेळा अपेक्षित असलेला जास्तीत जास्त फरक, तो स्ट्रिपचा ०.७५ आणि अ‍ॅनालायझरचा ०.२२. दोघांचा हा विस्कळीतपणा एकत्र केला तरी ०.२८ च होतो आणि आपल्याला फरकांची एसडी ०.५८ मिळाली, म्हणजे नुसता हात थरथरला, थेंब कमी पडला इतक्यावर भागत नाही; बोटाचं रक्त आणि शिरेचं रक्त यातला फरक, आणि स्ट्रिपचा पेशंटनुसार बदलणारा प्रतिसाद, दोन्ही आहेत असं दिसतं. कोणता किती, हे या डेटावरून वेगळं करता येत नाही. त्यासाठी शिरेचंच रक्त स्ट्रिपवर टाकायला पाहिजे होतं.

कोरिलेशन (r = ०.९७) मुख्य मजकुरात नाही. सर, कंपनीच्या पत्रकात तोच आकडा मोठ्या अक्षरात असतो हे मान्य, पण ४.९ ते १५.२ इतका पसारा घेतला की r वर जाणारच, एखादं मशीन सगळ्यांनाच दोन ग्रॅम जास्त दाखवत असलं तरी r एकपर्यंत जाऊ शकतो. लॅन्सेटमधला तो १९८६ चा लेख नेमका यावरच आहे.

आकृतीखालचा मजकूर

आकृती २. स्ट्रिप मशीन आणि लॅब अ‍ॅनालायझर यांच्यातला हिमोग्लोबिनचा फरक, दोन्हींच्या सरासरीसमोर (११२ पेशंट, प्रत्येकी एक जोडी). फरक = स्ट्रिप वजा अ‍ॅनालायझर. मधली तुटक रेष: बायस +०.३२, वरची-खालची तुटक रेष: ९५% लिमिट्स ऑफ अ‍ॅग्रीमेंट, +१.४६ आणि −०.८२, रेषांच्या टोकाशी उभे दांडे: ९५% सीआय. सलग तिरप्या रेषा: रिग्रेशनवरून काढलेला बायस आणि लिमिट्स. करडा पट्टा: आधी ठरवलेली ±१.० ची मर्यादा. पोकळ ठिपके: अ‍ॅनालायझरवर ७ च्या खाली असलेले १८ पेशंट.

चर्चेतला एक परिच्छेद यालाच लागून येतो. हे मशीन या पेशंटमध्ये अ‍ॅनालायझरच्या जागी वापरता येणार नाही असं आम्ही म्हणतो. सगळ्या रीडिंगमधून ०.३२ वजा करून वापरा असंही म्हणत नाही, कारण बायस काढून टाकला तरी पसारा तेवढाच राहतो, आणि ७ जवळ तर ०.३२ ने पुरतही नाही. शिबिरात कोणाला पुढे पाठवायचं हे ठरवायला ते चालेल का, हा वेगळा प्रश्न, त्याला वेगळी मर्यादा ठरवावी लागेल. आणि सगळी रीडिंग हिवाळ्यात, ओपीडीच्या खोलीत घेतली आहेत. मे महिन्यात नागपूरला पारा ४५ ला टेकतो तेव्हा मंडपाखाली स्ट्रिपचा डबा उघडला तर हेच आकडे येतील असं आम्ही कुठेही लिहिलेलं नाही.

मॅडम, पोकळ ठिपके ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमध्ये करड्या पट्ट्यावर नीट दिसतात का तेवढं बघून सांगा, नाहीतर पट्टा काढून नुसत्या दोन बारीक रेघा ठेवतो.