मुलाखतीसाठी तीन वेळा : २७ ते २९ ऑक्टोबर २०२६ (पुणे / लंडन / न्यूयॉर्क)

नमस्कार मेधा मॅडम,

बॅकएंड इंजिनिअरच्या दुसऱ्या फेरीसाठी मला या वेळा जमतील. प्रत्येक वेळी पूर्ण तासभर मोकळा आहे.

मंगळ, २७ : पुणे संध्या. ६.३० / लंडन दु. १.०० / न्यूयॉर्क स. ९.००
बुध, २८ : पुणे संध्या. ७.३० / लंडन दु. २.०० / न्यूयॉर्क स. १०.००
गुरु, २९ : पुणे रात्री ८.३० / लंडन दु. ३.०० / न्यूयॉर्क स. ११.००

बुधवार मला सर्वांत सोयीचा. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नसते, पण रात्रीपर्यंत येते. शिवाय मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवतो.

एक खुलासा : लंडनची घड्याळं २५ ऑक्टोबरलाच मागे जातात, न्यूयॉर्कची १ नोव्हेंबरला. म्हणून या आठवड्यात दोन्हींत पाचऐवजी चारच तासांचा फरक आहे. वरच्या वेळा तो धरूनच दिल्या आहेत. (मागे एकदा याच घोळात मी एक तास आधीच कॅमेऱ्यासमोर येऊन बसलो होतो.)

उत्तरात फक्त वार कळवलात तरी पुरे. तिन्ही जमत नसतील तर सोमवार, २ नोव्हेंबरला पुण्याच्या संध्या. ६.३० ला, म्हणजे लंडनच्या दु. १.०० आणि न्यूयॉर्कच्या स. ८.०० ला येऊ शकेन.

आपला,
अनिकेत
पुणे