मागील कुंपण-भिंतीसाठी लागणाऱ्या विटांचा छायाचित्रावरून काढलेला अंदाज

मा. कंत्राटदार महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागील बाजूच्या कुंपण-भिंतीचे आपण काल संध्याकाळी पाठवलेले छायाचित्र मोठे करून नीट पाहिले. चारही गाळे, मधले फाटक आणि माथ्यावरचा थर धरून १,७३१ विटा लागतील आणि फूटतूट व कापकाम यांसाठी पाच टक्के वाढवल्यास साधारण १,८२० विटा मागवाव्या लागतील, असा माझा अंदाज आहे. मात्र हा आकडा छायाचित्रावरून काढलेला आहे. पुढे लिहिलेली मापे टेपने घेऊन मला कळवीपर्यंत कृपया भट्टीवर मागणी नोंदवू नये, अशी विनंती आहे.

आकडा कसा आला ते सविस्तर लिहितो, म्हणजे माझे काही चुकले असल्यास ते आपल्या लगेच लक्षात येईल. छायाचित्र एका कोपऱ्यातून घेतलेले असल्यामुळे जवळचा गाळा रुंद आणि लांबचा अरुंद दिसतो, त्यामुळे पडद्यावर पट्टी लावून लांबी काढण्यात अर्थ नव्हता. सुदैवाने आपल्या गवंड्याने सर्वांत जवळच्या गाळ्यात प्लिंथ बीमवर एक रद्दा कोरडाच मांडून पाहिलेला आहे. दोन कॉलमांच्या मध्ये लांबीच्या दिशेने बारा विटा बसल्या आहेत आणि प्रत्येक दोन विटांमध्ये त्याने बोटभर फट सोडलेली स्पष्ट दिसते. वीट २३० मिमी आणि सांधा १० मिमी धरला, तर त्या गाळ्याची आतली लांबी २.९ मीटर येते. विटा मोजून काढलेल्या या लांबीवर छायाचित्राच्या कोनाचा परिणाम होत नाही, म्हणून तिच्यावर मी सर्वांत जास्त भरवसा ठेवला आहे. उरलेले तीन गाळेही तेवढेच आहेत, असे कॉलमांमधली अंतरे सारखी असल्याच्या आपल्या फोनवरील सांगण्यावरून धरले आहे.

उंचीसाठी शेजारची जुनी भिंत उपयोगी पडली. नवी भिंत तिच्या उंचीला जुळवायची ठरली आहे. त्या भिंतीत बीमच्या पातळीपासून अठरा रद्दे मोजता येतात आणि त्यांच्यावर विटा कडेवर उभ्या करून आडव्या बसवलेला माथ्याचा थर आहे. ७५ मिमीची वीट आणि १० मिमीचा सांधा मिळून एक रद्दा ८५ मिमीचा होतो, म्हणजे माथ्याखालची उंची १.५३ मीटर भरते.

जाडीबाबत मात्र मला बराच वेळ थांबावे लागले. छायाचित्रात भिंतीचा फक्त चेहरा दिसतो. ती एक विटेची आहे की अर्ध्या विटेची, हे त्यातून कळत नाही, आणि त्यावरच विटांची संख्या दुप्पट किंवा निम्मी होते. कोरड्या रद्द्याच्या शेवटी कॉलमजवळ एक वीट बीमवर आडवी ठेवलेली आहे आणि तिची दोन्ही टोके बीमच्या दोन्ही कडांशी बरोबर जुळलेली दिसतात. शिवाय जुन्या भिंतीत एका रद्द्यात विटांच्या लांब बाजू आणि वरच्या रद्द्यात आखूड तोंडे दिसतात. या दोन खुणांवरून भिंत २३० मिमीची, म्हणजे आपण ज्याला नऊ इंची म्हणतो ती आहे, असे मी धरले आहे.

अशा भिंतीत २.९ मीटरच्या एका गाळ्याला अठरा रद्द्यांसाठी ४३५ विटा लागतात, म्हणून चार गाळ्यांच्या १,७४० झाल्या. तिसऱ्या गाळ्यात आपण चुन्याने आखलेल्या ९० सेंमी रुंद फाटकाच्या पूर्ण उंचीच्या १३५ विटा वजा केल्या की १,६०५ राहतात. माथ्याच्या थरात प्रत्येक वीट लांबीवर सांध्यासह ८५ मिमी जागा घेते, त्यामुळे फाटक सोडून उरलेल्या १०.७ मीटरला आणखी १२६ विटा लागतील. कॉलमांच्या डोक्यावर हा थर न्यायचा नाही, असे धरले आहे. न्यायचा असल्यास तेवढ्या विटा वाढवाव्या लागतील. बीमच्या खालचे कोणतेही बांधकाम या हिशेबात नाही.

पाच टक्के वाढ मी विचारपूर्वक ठेवली आहे. प्रत्येक कॉलमजवळ आणि फाटकाच्या कडेला सांधमोड राखण्यासाठी एकाआड एक रद्द्यात विटा कापाव्या लागतील, आणि भिंत बिनगिलाव्याची राहणार असल्याने कोपरे तुटलेली वीट दर्शनी बाजूला चालणार नाही. छायाचित्रात उजवीकडे रचलेल्या नमुन्याच्या विटांपैकी पुढच्या दोघींचे कोपरे उडालेले दिसतात. अशा विटा आतल्या बाजूला किंवा तुकड्यांसाठी वापराव्यात.

आता कोणत्या मापांवर हा आकडा हलू शकतो ते लिहितो. सर्वांत लांबचा चौथा गाळा छायाचित्रात फारच अरुंद दिसतो. तो बहुधा अंतरामुळे तसा दिसत असावा, परंतु प्रत्यक्षात तो ३० सेंमीने कमी भरला तर सुमारे ५० विटा कमी लागतील. उंचीत एक रद्दा जरी मोजण्यात चुकला असेल, तर सुमारे ९० विटांचा फरक पडेल; जुन्या भिंतीचा खालचा भाग गवताने झाकलेला असल्याने ही शक्यता मला खरी वाटते. म्हणून चारही गाळ्यांची आतली लांबी, बीमच्या माथ्यापासून जुन्या भिंतीच्या माथ्यापर्यंतची उंची आणि बीमची रुंदी टेपने घ्यावी. त्याबरोबर जुन्या भिंतीतले सलग दहा रद्दे एकदम मोजावेत, एकच मोजून दहाने गुणू नये. ते माप ८५ सेंमी आले तर नव्या विटांचे रद्दे जुन्या ओळीत बसतील. सांधा १० ऐवजी १२ मिमी झाला, तर अठराव्या रद्द्यापर्यंत नवी भिंत सुमारे साडेतीन सेंमी वर जाईल आणि दोन भिंतींच्या ओळी एकमेकींशी जुळणार नाहीत.

मापांचा हा आग्रह धरण्याला कारण आहे. पूर्वी एका कामावर मी छायाचित्रावरूनच आकडा दिला होता, कोपऱ्यातून घेतलेल्या चित्रात लांबी कमी धरली गेली आणि शेवटी दोनशेच्या आसपास विटा कमी पडल्या. दुसऱ्या खेपेच्या विटा फिकट निघाल्या आणि भिंतीच्या वरच्या भागात तो पट्टा आजही दिसतो. ही भिंतही उघडीच राहणार आहे, म्हणून सर्व विटा एकाच भट्टीच्या एकाच खेपेत याव्यात, अशी माझी इच्छा आहे. विटा शेकड्यानेच मिळत असतील, तर १,८०० ऐवजी १,९०० घ्याव्यात. १,८०० घेतल्यास तोडमोडीसाठी जेमतेम ६९ विटा उरतात आणि त्या पुरतील असे मला वाटत नाही.

टेपने घेतलेली मापे उद्या सकाळी पाठवल्यास दुपारपर्यंत अंतिम संख्या कळवीन. शक्य झाल्यास भिंतीच्या अगदी समोर उभे राहून, गवत बाजूला करून, प्रत्येक गाळ्याचे एकेक छायाचित्रही सोबत पाठवावे.

आपला,
साइट अभियंता