भागीदारी संपवण्याचा व यंत्रे-ग्राहक वाटपाचा करारनामा

हा करारनामा दि. 25 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापूर येथे करण्यात आला.

पहिला पक्ष: गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील ओतकाम कारखान्याचे मालक (यापुढे ‘फौंड्री’). दुसरा पक्ष: शिरोली औद्योगिक वसाहतीतील मशीनिंग कारखान्याचे मालक (यापुढे ‘मशीनशॉप’). दोघांची नावे, पत्ते व पॅन 12 मार्च 2019 च्या नोंदणीकृत भागीदारीपत्रात आहेत. तेच इथे धरावेत. त्या पत्रान्वये शिरोली येथील भाड्याच्या शेडमध्ये चालणारी भागीदारी संस्था म्हणजे ‘फर्म’. नफा-तोट्यात दोघांचा वाटा निम्मा-निम्मा आहे आणि भांडवली खाती आजच्या हिशेबात समान आहेत.

1. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 40 प्रमाणे दोघांच्या संमतीने फर्म 30 सप्टेंबर 2025 च्या कामकाजाअखेर विसर्जित होईल. त्या दिवसानंतर फर्मच्या नावे नवी ऑर्डर, उधारी किंवा चेक कोणीही देणार नाही. हातातील ऑर्डरींपैकी 20 सप्टेंबरपर्यंत कास्टिंग आलेला माल फर्मच पूर्ण करील. बाकी ऑर्डर कलम 5 प्रमाणे वर्ग होतील.

2. यंत्रांचे दर दोघांनी मान्य केलेल्या मूल्यमापकाच्या 4 ऑगस्टच्या पाहणीनुसार, जीएसटी वगळून, असे:

मशीनशॉपकडे: व्हीएमसी ₹14,20,000, जुनी सीएनसी लेथ ₹5,60,000, एकूण ₹19,80,000.
फौंड्रीकडे: नवी सीएनसी लेथ ₹9,40,000, रेडियल ड्रिल ₹1,60,000, 15 एचपी स्क्रू कॉम्प्रेसर ₹2,10,000, एकूण ₹13,10,000.

एकूण ₹32,90,000 पैकी प्रत्येकाचा वाटा ₹16,45,000 आहे. त्यामुळे मशीनशॉप फौंड्रीला ₹3,35,000 देईल: ₹1,85,000 दि. 30 सप्टेंबरला व ₹1,50,000 दि. 31 डिसेंबरला. पहिला हप्ता जमा झाल्याशिवाय व्हीएमसी शेडमधून हलणार नाही.

व्हीएमसीचा दर मुळात ₹14,80,000 निघाला होता. वाय अक्षावर 0.03 मिमी बॅकलॅश मोजला गेल्याने बॉलस्क्रू व बेअरिंगच्या कामापोटी ₹60,000 वजा केले आहेत. या दोषाबद्दल मशीनशॉपला पुन्हा वजावट मागता येणार नाही.

3. मशीन हलवण्याआधी दोघांसमोर ते चालू स्थितीत तपासायचे: स्पिंडलमध्ये मॅन्ड्रेल लावून रनआउट, प्रत्येक अक्षाचा बॅकलॅश, एक चाचणी तुकडा. आकडे कागदावर घेऊन दोघांनी सही करायची. वाहतुकीत किंवा नव्या जागी लेव्हलिंग नीट न झाल्याने जो बिघाड होईल तो घेणाऱ्याचा. म्हणूनच आधीचे आकडे हवेत, एरवी बिघाड जुना की नवा हे ठरवता येत नाही. वीज तोडण्याआधी सर्व पार्ट प्रोग्राम, ऑफसेट व पॅरामीटरचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर घ्यावा आणि मेमरी बॅटरी नवी घालावी. मशीन महिनाभर बंद राहिले आणि बॅटरी उतरली तर पॅरामीटर जातात आणि दुरुस्तीवाला आल्याशिवाय मशीन उठत नाही. वाहतूक व विमा प्रत्येकाने आपल्या मशीनचा करायचा.

4. फिक्स्चर, जिग, प्लग गेज व पॅटर्न मशीनबरोबर जाणार नाहीत. ज्या पार्टचे ते आहेत तो पार्ट ज्याच्याकडे, त्याच्याकडे ते जातील. ग्राहकाच्या पैशाने बनलेले टूलिंग फर्मची मालमत्ता नाही. ते ग्राहकाच्या लेखी संमतीनेच वर्ग होईल आणि त्याची किंमत वाटपात धरलेली नाही. इन्सर्ट, ड्रिल, कटर व उरलेले शीतक तेल मोजून निम्मे-निम्मे.

5. ग्राहक ही फर्मची वस्तू नाही. कोणाकडे जायचे ते तोच ठरवील. म्हणून इथली वाटणी फक्त दोघांमधील वागणुकीची आहे. परिशिष्टात पार्ट नंबरसह नोंदलेल्या सहा ग्राहकांपैकी स्वतःचे कास्टिंग पाठवून फक्त मशीनिंग करून घेणारे तिघे मशीनशॉपकडे आणि कास्टिंगसकट तयार माल घेणारे दोघे फौंड्रीकडे.

सहावा ग्राहक पंप केसिंगचा. फर्मच्या उलाढालीचा मोठा भाग त्याचा असल्याने त्याच्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. तो फौंड्रीकडे जाईल. मात्र त्याच्या चारही केसिंगचे मशीनिंग 30 सप्टेंबर 2026 पर्यंत मशीनशॉपच जॉबवर्कने करील. दर नगाला ₹46, महिन्याला किमान 2,200 नग, पैसे बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत. फौंड्रीने किमान नग दिले नाहीत तर कमी पडलेल्या प्रत्येक नगामागे ₹12 द्यावेत. मशीनशॉपने सलग दोन महिने 95 टक्क्यांहून कमी माल वेळेवर दिला तर फौंड्रीला दुसरीकडे जाता येईल.

मशीनिंगची जागा बदलली की ग्राहक पहिल्या नगाची मंजुरी पुन्हा मागतो, आणि ती हाती येईपर्यंत नवा माल घेत नाही. म्हणून प्रत्येक केसिंगचा किमान 600 नगांचा तयार साठा 25 सप्टेंबरपर्यंत करून ठेवायचा. सहाही ग्राहकांना दोघांच्या सहीचे एकच पत्र 1 सप्टेंबरला जाईल. एकट्याने आधी फोन करायचा नाही.

6. भारतीय भागीदारी अधिनियमाच्या कलम 54 नुसार, 18 महिने कोणीही दुसऱ्याकडे गेलेल्या ग्राहकाकडून परिशिष्टातील पार्टचे काम मागणार नाही किंवा घेणार नाही. बंधन तेवढ्याच पार्टपुरते आहे. नव्या पार्टसाठी दोघेही मोकळे. ग्राहकाने आपणहून काम दिल्यास घेणाऱ्याने आधी दुसऱ्याला लेखी कळवावे आणि पहिल्या 12 महिन्यांच्या बिलावर (कर वगळून) 3 टक्के त्याला द्यावेत.

7. 30 सप्टेंबरपूर्वी गेलेल्या मालाचे रिजेक्शन आल्यास ब्लोहोल, वाळू व कमी जाडी फौंड्रीकडे. बोअर, टॅपिंग व मापातील चूक मशीनशॉपकडे. मशीनिंगनंतर उघडा पडलेला ब्लोहोलही फौंड्रीचाच. त्यावरची मशीनिंग मजुरी मागायची नाही. कारण ठरत नसेल तर निम्मे-निम्मे. यासाठी ₹1,40,000 संयुक्त खात्यात 31 मार्च 2026 पर्यंत राहतील.

8. येणी ₹11,26,000, बँकशिल्लक ₹3,12,000. देणी: मुदत कर्ज ₹6,84,000, पुरवठादार ₹4,38,000. आधी कर्ज, मग पुरवठादार, मग राखीव रक्कम. उरेल ते समान. येण्यांतील ₹1,74,000 सहा महिन्यांहून जुने आहेत. ते आले तरच वाटायचे. यंत्रे बँकेकडे तारण असल्याने कर्ज फेडल्याचा व दोघांची वैयक्तिक हमी सोडल्याचा दाखला हातात येईपर्यंत एकही मशीन हलणार नाही.

9. यंत्रांचे बीजक फर्म काढील. 18 टक्के जीएसटी, म्हणजे मशीनशॉपकडून ₹3,56,400 व फौंड्रीकडून ₹2,35,800, आधी फर्मच्या खात्यात जमा करायचा. दोघांनाही त्याचे क्रेडिट मिळेल. किंमत मात्र भांडवली खात्यातून वळती होईल. घेतलेल्या क्रेडिटमधून प्रति तिमाही 5 टक्के वजा करून येणारी रक्कम जास्त निघाली तर कर तेवढा भरावा. आयकर कायद्याच्या कलम 9ब खाली फर्मवर येणारा कर दोघांनी समान सोसायचा. नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-10 भरण्याची जबाबदारी मशीनशॉपची, खर्च निम्मा.

10. नऊ कामगारांपैकी सहा मशीनशॉपकडे, तीन फौंड्रीकडे, मागील सेवा धरून. 30 सप्टेंबरपर्यंतचा पगार, बोनस व भविष्यनिर्वाह निधी फर्म देईल. कोणाचीही सेवा खंडित दाखवायची नाही. शेड 31 ऑक्टोबरला रिकामी. परत मिळणारी ₹1,20,000 अनामत निम्मी-निम्मी. फर्मचे नाव पुढे कोणीही वापरणार नाही.

11. विसर्जनाची सूचना 30 दिवसांत निबंधकाकडे, राजपत्रात व कोल्हापुरातील एका मराठी दैनिकात द्यायची. ती निघेपर्यंत एकाने फर्मच्या नावे केलेल्या व्यवहाराची जबाबदारी दुसऱ्यावरही येऊ शकते, म्हणून रबरी शिक्के व चेकबुके 30 सप्टेंबरला दोघांसमोर रद्द करायची.

12. वाद झाल्यास आधी दोघांच्या सनदी लेखापालांसमोर 15 दिवस. न मिटल्यास एकच लवाद, लवाद व सलोखा अधिनियम, 1996 प्रमाणे, कोल्हापूर येथे. वाद चालू असतानाही कलम 5 मधील केसिंगचा पुरवठा थांबणार नाही.

मजकूर वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर दोन मूळ प्रतींवर सह्या केल्या.

पहिला पक्ष, फौंड्रीचे मालक
दुसरा पक्ष, मशीनशॉपचे मालक